प्रश्नपत्रिका आधी दिसली, तर मुलीने कोणाला सांगायचे? राज्य मंडळाच्या अध्यक्षांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ, पुणे

सादर नमस्कार.

मी माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेली गणिताची शिक्षिका आहे. दहावीच्या वर्गांना शिकवण्यात, परीक्षेच्या काळात पर्यवेक्षण करण्यात आणि नंतर उत्तरपत्रिका तपासण्यात माझी नोकरी गेली. पेपर फोडणाऱ्यांचे काय करावे याबद्दल आपल्याला पत्रे येतच असतील. माझा प्रश्न वेगळा आहे. ज्या विद्यार्थिनीने पेपर फोडला नाही, मागितला नाही, विकत घेतला नाही, पण परीक्षेआधी ज्याचा एक भाग तिच्या डोळ्यांसमोर आला, तिने पुढे काय करायचे, याचे उत्तर मंडळाने तिला आधीच देऊन ठेवले पाहिजे, असे मला वाटते. ते का वाटते हे सांगण्यासाठी एका मुलीची हकिगत लिहिते. तिचे नाव, गाव आणि परीक्षेचे वर्ष मी सांगणार नाही, कारण तसे तिला वचन दिले आहे.

ही मुलगी तालुक्याच्या ठिकाणी असलेल्या केंद्रावर परीक्षेला येत असे. वाडीवरून येणारी काळीपिवळी वेळेवर सुटेल याचा भरवसा नसल्यामुळे चुलतभाऊ तिला मोटारसायकलवर आणून सोडायचा. त्या दिवशी गणित भाग १, म्हणजे बीजगणिताचा पेपर होता. सव्वादहाच्या सुमारास ती दोघे फाटकाबाहेर उभी होती, तेव्हा भावाच्या फोनवर त्याच्या जुन्या मित्रांच्या ग्रुपमध्ये एक फोटो आला. "हे बघून घे गं पटकन, शेवटचं पान आहे म्हणतायत," असे म्हणत त्याने फोन तिच्यासमोर धरला. तिने पाहिले. हे काय आहे आणि आपण ते पाहावे की नाही, हा विचार मनात येईपर्यंत तिचे वाचून झाले होते. गणिताचा चांगला सराव असलेल्या मुलीला उदाहरण वाचायला फार वेळ लागत नाही, आणि वाचलेले उदाहरण विसरायचे म्हणून विसरता येत नाही.

त्या पानावर काय होते ते नेमके सांगायला हवे, कारण पुढचा सगळा पेच त्यावर उभा आहे. बीजगणिताचा पेपर चाळीस गुणांचा असतो. त्यात चौथ्या प्रश्नाखाली प्रत्येकी चार गुणांची तीन उदाहरणे असतात आणि त्यांपैकी दोन सोडवायची असतात. पाचव्या प्रश्नाखाली प्रत्येकी तीन गुणांची दोन असतात आणि त्यांपैकी एक सोडवायचे असते. तिने पाहिलेल्या फोटोत चौथ्या प्रश्नातले तिसरे उदाहरण होते, कर्जाची हप्त्यांनी परतफेड करण्याचे, अंकगणिती श्रेढीवरचे. त्याच्याखाली पाचव्या प्रश्नातली दोन्ही उदाहरणे होती. म्हणजे चाळीसपैकी जास्तीत जास्त सात गुणांचा मजकूर तिला आधी दिसला होता. पण तो खरा आहे की नाही, हे फाटकाबाहेर तिला कळण्याचा कोणताही मार्ग नव्हता.

हा मुद्दा शहाणीसुरती माणसेही विसरतात. 'तिने तेव्हाच जाऊन सांगायला हवे होते' असे म्हणणे सोपे आहे. पण काय सांगायला हवे होते? परीक्षेच्या काळात 'फुटलेला पेपर' म्हणून फिरणाऱ्या कागदांत जुन्या वर्षांचे पेपर, खासगी प्रकाशनांचे सराव संच आणि कोणीतरी गंमत म्हणून टाइप केलेली पाने यांचाच भरणा असतो. मुले असे कागद घेऊन माझ्याकडे यायची, आणि मी त्यांना परत अभ्यासाला बसवायची. मंडळाच्या प्रश्नपत्रिकेच्या पहिल्या पानावर सर्वांत वर वर्ष, रोमन अंकांत महिना, तारीख आणि वेळ छापलेली असते, त्यासोबत प्रश्नपत्रिकेचा सांकेतिक क्रमांक असतो आणि बैठक क्रमांकासाठी रिकामी चौकट असते. फोटो पहिल्या पानाचा असता तर तिला निदान संशय घ्यायला जागा मिळाली असती. शेवटच्या पानावर यातले काहीच नसते. तो कागद दहावीच्या कोणत्याही सराव संचातला असू शकला असता.

साडेदहापर्यंत मुलांनी परीक्षा दालनात हजर असावे असा नियम आहे. ती आत गेली, फोन भावाकडेच राहिला. प्रश्नपत्रिकांचे सीलबंद पाकीट वर्गातच, दोन विद्यार्थ्यांच्या स्वाक्षऱ्या घेऊन उघडतात. पहिल्या बाकांवरच्या दोन मुलांनी सही केली, पाकिटाचे सील शाबूत असल्याचे सगळ्यांना दिसले, आणि तिचा जीव भांड्यात पडला. सील न तुटता पान बाहेर कसे जाईल, असा तिचा हिशेब होता. तो चुकीचा होता. तिच्या वर्गातले पाकीट शाबूत असण्याचा अर्थ फक्त त्या वर्गातल्या मुलांसाठी आलेल्या प्रती सुरक्षित होत्या, इतकाच होतो. तीच प्रश्नपत्रिका राज्यभरच्या केंद्रांवर तशाच असंख्य पाकिटांतून गेलेली असते, आणि त्यांतले एक जरी कुठे वेळेआधी उघडले गेले तरी फोटो सगळीकडे पोहोचतो.

अकरा वाजता प्रश्नपत्रिका हातात आली. तिने शिकवल्याप्रमाणे आधी पूर्ण पेपर वाचायला घेतला आणि शेवटच्या पानावर हप्त्यांचे उदाहरण आले. आकडेही तेच होते.

तिला निर्णय घ्यावा लागला तो इथे, अकरा वाजून काही मिनिटांनी, समोर कोरी उत्तरपत्रिका आणि घड्याळ चालू असताना. तिने हात वर केला. पर्यवेक्षिका जवळ आल्यावर हळू आवाजात सांगितले की, बाई, हे शेवटचे पान मी बाहेर मोबाईलवर पाहिले आहे. त्या बाईंनी खाली वाकून जे उत्तर दिले ते मुलीला शब्दशः आठवते: "गप्प लिही बाळा. हे आता बोललीस तर तुझाच पेपर काढून घेतील, निकाल राखून ठेवतील. तुझं वर्ष जाईल."

मी त्या बाईंना दोष देत नाही. त्यांच्या जागी मी असते तर कदाचित दुसरे काही बोलले नसते, कारण पर्यवेक्षकाला अशा वेळी काय करायचे हे सांगणारा कागद माझ्या हाती तरी कधी पडला नाही. कॉपी सापडली तर काय भरायचे, कोणाची सही घ्यायची, उत्तरपत्रिका कशी वेगळी बांधायची हे सगळे ठरलेले आहे. विद्यार्थ्याने आपणहून येऊन काही सांगितले तर त्याची नोंद कुठे करायची, हे ठरलेले नाही. भरारी पथक येते ते चिठ्ठ्या शोधायला. कोणाचे म्हणणे ऐकून घ्यायला येत नाही.

मग त्या मुलीने स्वतःच स्वतःचा न्याय केला. चौथ्या प्रश्नातली पहिली दोन उदाहरणे तिने पाहिलेली नव्हती, ती तिने सोडवली. पाचव्या प्रश्नातली दोन्ही उदाहरणे पाहिलेली होती, म्हणून पाचवा प्रश्न तिने पूर्ण सोडून दिला आणि ३७ गुणांचा पेपर लिहून ती उठली. उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला तिथे फक्त 'प्रश्न सोडवलेला नाही' एवढेच दिसले असणार. मे महिन्यात ती माझ्याकडे अकरावीच्या शाखेबद्दल विचारायला आली, तेव्हा बोलता बोलता हे बाहेर आले. "बाई, मी चुकले का?" हा तिचा प्रश्न होता. तिला तीन गुणांची हळहळ नव्हती. आपण बोललो ते चुकले की शेवटी गप्प बसलो ते चुकले, हे तिला उमगत नव्हते.

तिने प्रश्न सोडला याचे कौतुक करावे असे मला वाटत नाही, आणि कोणी करू नये. ज्या मुलांनी तोच फोटो पाहून निमूटपणे सातही गुणांची उदाहरणे लिहिली, त्यांचे त्यामुळे काही बिघडले नाही. ज्यांनी फोटो पाहिलाच नव्हता, त्यांना काही परत मिळाले नाही. आणि मंडळाला पेपर बाहेर गेल्याचे कळलेही नाही. तिच्या प्रामाणिकपणाचा उपयोग फक्त तिचे तीन गुण कमी होण्यात झाला. मी तिला सांगितले की, तू पेपर पूर्ण लिहायला हवा होतास आणि सांगायचे ते नंतर सांगायला हवे होते. ती म्हणाली, "पण कोणाला?"

महोदय, मंडळाची शिक्षासूची परीक्षेआधी शाळांतून वाचून दाखवली जाते आणि ती वाचली जावी हे योग्यच आहे. प्रश्नपत्रिका परीक्षेआधी मिळवणे, विकणे किंवा विकत घेणे हा तिच्यातल्या सर्वांत गंभीर गैरप्रकारांपैकी एक आहे. त्याला परीक्षेची संपादणूक रद्द होण्यापासून पुढच्या परीक्षांना बसण्यास बंदी आणि फौजदारी तक्रारीपर्यंतची शिक्षा आहे. राज्यात १९८२ चा परीक्षा गैरप्रकार प्रतिबंधक कायदाही आहेच. पण 'मिळवणे' आणि 'दिसणे' यांतला फरक पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला कोण सांगणार? तिने ऐकलेल्या यादीत तिच्या परिस्थितीच्या सर्वांत जवळ जाणारे वाक्य हेच आहे, आणि ते तिला गुन्हेगाराच्या रांगेत बसवते. निकाल राखून ठेवला गेला तर अकरावीच्या प्रवेश फेऱ्या तिच्यासाठी थांबत नाहीत, हे तर घराघरांत ठाऊक आहे. एवढी भीती असताना मुले गप्प बसतात यात नवल नाही. एखादी बोलते हेच नवल.

स्पर्धा परीक्षांसाठी केंद्र सरकारने २०२४ मध्ये केलेला कायदा मंडळाच्या परीक्षांना लागू नाही, हे मला माहीत आहे. तरी त्यातली एक दृष्टी घेण्यासारखी आहे. त्याचा सगळा रोख पेपर फोडणाऱ्या टोळ्या, परीक्षेची कामे घेणाऱ्या संस्था आणि त्यांना सामील झालेले अधिकारी यांच्यावर आहे. परीक्षार्थींना त्या शिक्षांमध्ये ओढलेले नाही, त्यांचे प्रकरण परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या नियमांवर सोडलेले आहे. म्हणजेच तिथेही चेंडू शेवटी परीक्षा मंडळांच्याच अंगणात येतो.

आता यात मंडळाचा फायदा कुठे आहे ते सांगते, कारण केवळ एका मुलीच्या मनःशांतीसाठी नियम बदला असे मी म्हणत नाही. पेपर बाहेर गेल्याचे उघड झाले की आपल्यासमोर पहिला प्रश्न असतो तो वेळेचा. ३ मार्च २०२३ रोजी बारावीच्या गणिताच्या पेपरची पाने बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजा परिसरातून परीक्षा सुरू होण्याच्या सुमारे अर्धा तास आधी समाजमाध्यमांवर फिरली. विधानसभेत आवाज उठला, गुन्हा दाखल झाला, अटका झाल्या. फेरपरीक्षा मात्र झाली नाही. अशा वेळी फोटो दहा वाजून वीस मिनिटांनी फिरला की दहा चाळीसला, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. दहा चाळीसला मुले दालनात असतात, फोन बाहेर असतो, म्हणजे फायदा घेऊ शकणारे थोडे. दहा वीसला ती फाटकाबाहेर घोळक्याने उभी असतात. मंडळालाही या मिनिटांचे मोल ठाऊक आहे. म्हणूनच तर त्याच वर्षी प्रश्नपत्रिका दहा मिनिटे आधी वाचायला देण्याची जुनी सवलत बंद झाली आणि ती दहा मिनिटे पेपरच्या शेवटी जोडली गेली.

हे मिनिट कळणार कसे? व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोतून तो कधी काढला ही माहिती सहसा गळून पडते. प्रत्येक फोनवर दिसते ती फक्त तो संदेश तिथे पोहोचल्याची वेळ. शंभर ग्रुपमधून फिरून पोलिसांच्या हाती आलेल्या प्रतीवरून सुरुवात शोधणे म्हणूनच अवघड जाते. अशा वेळी 'सव्वादहाला, फाटकाबाहेर, अमुक ग्रुपमध्ये, शेवटचे पान' असे सांगणारी मुलगी ही आपली सर्वांत उपयोगी साक्षीदार असते. तिचे म्हणणे चार केंद्रांवरच्या चार मुलांच्या म्हणण्याशी ताडून पाहिले तर पान कुठल्या तालुक्यातून, कुठल्या सुमारास निघाले याचा अंदाज संध्याकाळपर्यंत बांधता येईल. राज्यभरातल्या पंधरा-सोळा लाख मुलांची फेरपरीक्षा घ्यायची की नाही, हा निर्णय त्यावर अवलंबून असताना त्या साक्षीदाराला आपण गप्प बसवतो आहोत.

एका मुलाने पूर्वी हे करून पाहिले आहे. मार्च २०१८ मध्ये केंद्रीय मंडळाचा, म्हणजे सीबीएसईचा, दहावीच्या गणिताचा पेपर फुटला. परीक्षेच्या आदल्या रात्री, मध्यरात्र उलटल्यावर, मंडळाच्या अध्यक्षांना एक ई-मेल गेला. त्यासोबत हाताने लिहिलेल्या प्रश्नपत्रिकेच्या पानांचे फोटो होते आणि परीक्षा रद्द करावी अशी विनंती होती. २८ मार्चला परीक्षा ठरल्याप्रमाणे झाली आणि त्याच दिवशी फेरपरीक्षेची घोषणाही झाली. दिल्ली पोलिसांनी गुगलची मदत घेऊन ई-मेल पाठवणाऱ्याचा माग काढला, तेव्हा तो दहावीचाच एक विद्यार्थी निघाला. त्याने वडिलांचा ई-मेल पत्ता वापरला होता, आणि पेपर त्याला व्हॉट्सॲपवर मिळाला होता. पोलिसांनी त्याला आरोपी केले नाही, हे चांगलेच झाले. पण आधी त्याची आणि वडिलांची चौकशी झाली. पुढे ३ एप्रिलला गणिताची फेरपरीक्षा रद्द करण्यात आली, आणि ज्या बारावीच्या अर्थशास्त्राचा पेपरही त्याच सुमारास फुटला होता, त्याची फेरपरीक्षा तेवढी २५ एप्रिलला झाली. त्या मुलाकडे सांगण्याजोगी अधिकृत जागा असती तर त्याला अध्यक्षांचा पत्ता शोधून अपरात्री वडिलांच्या नावाने लिहावे लागले नसते.

म्हणून माझी मागणी साधी आहे. शिक्षासूचीच्या सोबत, तितक्याच स्पष्ट भाषेत, मंडळाने असे लिहून द्यावे की प्रश्नपत्रिकेचा भाग न मागता समोर आला आणि विद्यार्थ्याने तो कोणालाही पुढे न पाठवता, त्यासाठी पैसे न देता, त्याच दिवशी केंद्रसंचालकांना सांगितला, तर त्या विद्यार्थ्यावर गैरमार्गाचे प्रकरण होणार नाही आणि या कारणासाठी त्याचा निकाल राखला जाणार नाही. त्याने पेपर नेहमीसारखा पूर्ण लिहावा, कोणताही प्रश्न सोडू नये, आणि सांगायचे ते उत्तरपत्रिका दिल्यानंतर सांगावे. परीक्षा चालू असताना वर्गात चर्चा नको. केंद्रसंचालकांनी वेळ, ठिकाण, कोणते पान आणि ते कोणाच्या फोनवर दिसले एवढे एका छापील नमुन्यात टिपून सीलबंद करावे आणि विभागीय मंडळाकडे पाठवावे. विद्यार्थ्याचा बैठक क्रमांक फक्त विभागीय अध्यक्षांना दिसेल अशी व्यवस्था असावी, कारण मुलांना सर्वांत जास्त धास्ती गावात नाव होण्याची असते. फोन घरच्यांचा असेल तर तो संदेश पुसू नये आणि पुढेही पाठवू नये, हेही त्यातच सांगावे. घाबरून पुसून टाकणे हीच पहिली प्रतिक्रिया असते आणि त्यात पुरावा जातो. माझ्या या मुलीच्या भावानेही तो फोटो दुपारपर्यंत पुसला होता.

यावर दोन हरकती येतील हे मला दिसते. पहिली, की प्रत्येक पेपरला अफवांचा पाऊस पडेल आणि ज्यांचा पेपर अवघड गेला ती मुले फेरपरीक्षेच्या आशेने काहीही सांगतील. काही जण सांगतीलही. पण सांगितल्याने परीक्षा रद्द होत नाही, फक्त नोंद होते. आणि खोटी गोष्ट ओळखणे फारसे कठीण नाही, कारण कोणते पान, कोणत्या वेळी, कोणाच्या फोनवर, या तपशिलात बनावट पटकन उघडी पडते. दुसरी हरकत अधिक वजनदार आहे: फायदा घेतलेली मुलेही या वाटेने सुटतील. काही सुटतील, हे मान्यच करायला हवे. तिने तो प्रश्न सोडवला असता आणि मग येऊन सांगितले असते, तर तिला ते तीन गुण मिळालेच असते, आणि माझ्या मते ते मिळू द्यावेत. पैसे देणारा, पुढे पाठवणारा किंवा आदल्या रात्रीपासून पान जवळ ठेवून बसलेला या सवलतीत येत नाही, एवढी मर्यादा पुरेशी आहे. थोड्यांना मिळणाऱ्या तीन-चार गुणांच्या मोबदल्यात पान कुठून निघाले हे त्याच संध्याकाळी कळत असेल, तर तो सौदा मी तरी घेईन.

पुढच्या परीक्षेची हॉल तिकिटे छापण्याआधी हा मजकूर ठरला तर तो त्यांच्या मागच्या बाजूच्या सूचनांमध्ये बसू शकेल, आणि पर्यवेक्षकांच्या परीक्षापूर्व बैठकीत त्यासाठी पाच मिनिटे पुरतील. त्या नमुन्याचा मसुदा करण्यासाठी निवृत्त शिक्षकांची मदत लागली तर मी आणि माझ्यासारखे अनेक जण विनामोबदला करू. या पत्राचे उत्तर लेखी मिळावे, आणि मागणी अमान्य असेल तर त्याची कारणेही त्यात असावीत, अशी विनंती आहे. त्या मुलीने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मला तिला द्यायचे राहिले आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त गणित शिक्षिका